पाखडणीचा हिशेब

तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या आवारात दोन वेगळ्या जातीच्या अणुभट्ट्या शेजारी शेजारी आहेत. पहिली जोडी १९६९ सालची, अमेरिकन बनावटीची. तिला समृद्ध युरेनियम लागतं. दुसरी जोडी २००५-०६ मध्ये सुरू झाली, ती भारतीय बनावटीची. तिला जमिनीतून निघतं तसंच युरेनियम चालतं. समुद्र एक, गाव एक आणि वीजही सारखीच, मग एकीला खास इंधन का लागावं?

हा प्रश्न मला बारावीच्या वर्गात एका मुलीनं विचारला. मी बोईसरजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्याकडची बरीच मुलं या केंद्राच्या आसपासच वाढलेली असतात. पुस्तकात उत्तर एका ओळीत आहे: ‘साध्या पाण्याच्या अणुभट्टीला समृद्ध युरेनियम लागते.’ ती ओळ मी वर्षानुवर्षं वाचून दाखवत होतो. तिनं ‘पण का, सर?’ असं विचारल्यावर मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, उद्या सांगतो. रात्री बसून हिशेब मांडला. तेव्हापासून दरवर्षी तो पूर्ण तास घेऊन मांडतो, कारण त्यातली प्रत्येक पायरी आकडेमोडीनं हाताला लागते.

आधी युरेनियमच्या दोन भावंडांची ओळख हवी. निसर्गातल्या युरेनियमच्या हजार अणूंमागे साधारण सात अणू युरेनियम-२३५ चे असतात आणि बाकी जवळजवळ सगळे युरेनियम-२३८ चे. वजनात मोजलं तर २३५ चा वाटा ०.७११ टक्के. मंद झालेला न्यूट्रॉन लागला की फुटतो तो २३५, आणि फुटताना नवे न्यूट्रॉन सोडून साखळी पुढे चालवतो. २३८ त्याच न्यूट्रॉनला गिळून बसतो. न्यूट्रॉन एकदा गिळला गेला की साखळीतून गेला.

आता न्यूट्रॉनची खातेवही उघडू. नैसर्गिक युरेनियमनं मंद झालेले १०० न्यूट्रॉन गिळले असं धरू. २३५ चे अणू हजारात सातच असले तरी मंद न्यूट्रॉनची त्यांना विलक्षण ओढ असते, त्यामुळे शंभरातले सुमारे ६५ त्यांच्याच वाट्याला जातात. उरलेले ३५ संख्येच्या जोरावर २३८ खातो. या ६५ मधल्याही सगळ्यांनी अणू फुटत नाही. सुमारे साडेपंचावन्न वेळा फुटतो, आणि दर फुटण्याला सरासरी २.४ नवे न्यूट्रॉन मिळतात. म्हणजे १०० खर्च झाले आणि साधारण १३५ परत आले.

वरवर पाहता हा नफ्याचा धंदा. साखळी चालू राहायला या १३५ पैकी १०० पुन्हा मंद होऊन इंधनात पोचले की पुरे. वाटेत सांडायला ३५ ची मुभा आहे. सगळा प्रश्न या ३५ मध्ये भागतं का, एवढाच आहे.

अणू फुटल्यावर बाहेर पडणारा न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटरच्या वेगानं सुटतो. त्याला दोन-सव्वादोन किलोमीटरवर आणायचं असतं, कारण तेव्हाच २३५ ची ती ओढ कामाला येते. ब्रेक लावायला पाणी असतं. गोट्या खेळलेल्या कुणालाही हे पटेल की गोटी मोठ्या दगडावर आपटली तर उसळून तेवढ्याच वेगानं परत येते, पण सारख्याच गोटीवर बसली की आपला वेग तिला देऊन टाकते. हायड्रोजनचं केंद्रक जवळजवळ न्यूट्रॉनएवढंच जड असतं. म्हणून पाण्यात विसेक धडकांत न्यूट्रॉन शांत होतो. ब्रेक म्हणून पाण्याइतकं चांगलं काही नाही.

पण हायड्रोजन अधूनमधून न्यूट्रॉन गिळतो, आणि तिथेच मांडणी अडते. पाणी जास्त ठेवलं तर तेच न्यूट्रॉन पितं. कमी ठेवलं तर न्यूट्रॉन सावकाश मंद होतो, आणि उतरणीवर काही ठरावीक वेग असे आहेत जिथे २३८ त्याला अधाशासारखा गिळतो. पाणी कमी केल्यास न्यूट्रॉन त्या वेगांमध्ये असतानाच इंधनाशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. वर्गात मी फळ्यावर दोन्ही टोकं काढतो आणि मुलांना मधली सोयीची जागा शोधायला सांगतो. ती सापडत नाही, कारण नैसर्गिक युरेनियम आणि साधं पाणी यांचं असं प्रमाणच नाही ज्यात ३५ ची मुभा पुरते. सळ्या कशाही रचा, साखळी विझते.

यातून सुटायच्या वाटा दोन, आणि तारापूरला दोन्ही उभ्या आहेत.

एक म्हणजे पाणी बदलायचं. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं, आणि ते न्यूट्रॉन गिळण्यात हायड्रोजनच्या सहाशे पटींहून मागे आहे. ब्रेक म्हणून ते थोडं कमी प्रतीचं, विसाच्या जागी पस्तीसेक धडका लागतात. पण ते न्यूट्रॉन खात नसल्यामुळे हवं तेवढं भरता येतं. इंधनाच्या नळ्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या, मधल्या जड पाण्यात न्यूट्रॉन निवांत मंद होऊ द्यायचा, आणि मग त्याला पुढच्या नळीत जाऊ द्यायचं. ३५ मध्ये भागतं. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीची वाट ही.

दुसरी म्हणजे पाणी साधंच ठेवून इंधन बदलायचं. २३५ चं प्रमाण अडीच टक्के केलं, म्हणजेच युरेनियम समृद्ध केलं, की मघाच्याच हिशेबात १०० न्यूट्रॉनमागे १८० परत येतात. मुभा ३५ ची ८० झाली. त्यात पाण्याचं पिणं, सळ्यांच्या आवरणाचं गिळणं, कडेनं गळणं, सगळं बसतं. १९६९ ची जोडी या वाटेनं गेली.

इथे वर्गातलं एखादं हुशार मूल बरोबर अडवतं. दीड टक्क्यालाही १६५ परत येतात, मग अडीच कशाला? आधुनिक अणुभट्ट्यांत तर तीन ते पाच टक्के का? प्रश्न रास्त आहे. नुसती सुरुवात करायला इतकं लागत नाही, लागतं ते टिकायला. अणुभट्टी चालते तसा २३५ संपत जातो, आणि फुटलेल्या अणूंचे तुकडे इंधनातच साठतात. त्यांतले काही न्यूट्रॉनचे मोठे खादाड. म्हणजे उत्पन्न रोज थोडं घटतं आणि खर्च रोज थोडा वाढतो. जड पाण्याच्या अणुभट्टीत हे सांभाळता येतं, कारण ती चालू असतानाच यंत्रानं एका बाजूनं ताजं इंधन ढकलतात आणि दुसऱ्या बाजूनं जुनं काढतात. साध्या पाण्याची अणुभट्टी हे मात्र कुकरसारखं झाकण लावलेलं भांडं. शिजत असताना उघडता येत नाही. वर्ष-दीड वर्षानं बंद करून, थंड करून, मग इंधन बदलायचं. तेवढ्या काळाची शिदोरी आधीच बांधून द्यावी लागते, आणि सुरुवातीला जास्त होणारे न्यूट्रॉन नियंत्रक पदार्थांनी शोषून ठेवावे लागतात. वरचे ते टक्के ही शिदोरी.

या ‘काही टक्क्यां’ना एक साक्षीदार आहे, आणि तो मला फार आवडतो. १९७२ मध्ये फ्रान्समधल्या पिएरलात इथल्या कारखान्यात नेहमीची मोजणी चालू असताना गॅबनमधल्या ओक्लो खाणीच्या युरेनियममध्ये २३५ चं प्रमाण, वजनाऐवजी अणूंच्या संख्येनं मोजलेलं, ०.७२० टक्क्यांच्या जागी ०.७१७ भरलं. फरक तिसऱ्या दशांश स्थळी. पण युरेनियमच्या हिशेबात हा आकडा जगभर सारखा असायला हवा, म्हणून त्यांनी तो सोडून दिला नाही. शोध घेतल्यावर कळलं की सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी त्या खाणीत निसर्गात आपोआप अणुभट्टी पेटली होती, साध्या भूजलावर. २३५ हा २३८ पेक्षा लवकर क्षय पावतो, त्यामुळे त्या काळी नैसर्गिक युरेनियममध्येच तो तीन टक्क्यांच्या वर होता. आज तसं खनिज कितीही साठलं आणि त्यात कितीही पाणी मुरलं तरी ते पेटणार नाही. दोन अब्ज वर्षांपूर्वी जे प्रमाण जमिनीत होतं ते आज कारखान्यात करावं लागतं.

ते करणं म्हणजे काय, हे सांगताना मी वर्गात सूप घेऊन जातो, घरचंच. माझी आई तांदूळ पाखडायला बसली की मी लहानपणी शेजारी बसून बघायचो. मनगटाच्या एका हिसक्यानं दाणे वर उडायचे, परत पडताना कोंडा सुपाच्या पुढच्या कडेला यायचा आणि तांदूळ मागे राहायचा. एका उडवणीत सगळं वेगळं होत नाही, ती पंधरा-वीस वेळा उडवायची. कडेला आलेल्यात थोडे दाणे असायचे. तो पुंजका ती फेकायची नाही, वेगळा ठेवून नंतर पुन्हा पाखडायची. मी एकदा तो पुंजका सुपातल्या निवडलेल्या तांदळात लोटला. ती म्हणाली, “अरे, केलेली पाखडण मोडलीस की.” रागावली नाही, पुन्हा पहिल्यापासून पाखडत बसली.

युरेनियमची पाखडण जास्त चिवट असते. कोंडा आणि दाणा यांच्या वजनात निदान डोळ्यांना दिसेल असा फरक असतो. इथे दोन्ही दाणेच, रासायनिक वागणूक एकच. युरेनियमचं हेक्झाफ्लोराइड हा वायू करून घेतात, कारण फ्लोरिनचा निसर्गात एकच प्रकार आहे आणि रेणूंच्या वजनात फरक पडला तर तो युरेनियममुळेच पडतो. हलका रेणू ३४९ वजनाचा, जड ३५२ चा. फरक एक टक्काही नाही. एका पायरीत मिश्रण इवलंसं सरकतं, म्हणून पायऱ्यांची माळ लावतात. थोडं समृद्ध झालेलं पुढच्या पायरीला जातं, थोडं रोडावलेलं मागच्या. आणि आईचा नियम इथे तंतोतंत लागू आहे: वेगवेगळ्या प्रमाणाचे दोन प्रवाह कधी एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. मिसळले की केलेलं काम गेलं.

आता हे ‘काम’ मोजायचं कसं? गंमत म्हणजे विजेच्या युनिटमध्ये मोजून चालत नाही. जुन्या विसरण पद्धतीत वायू सच्छिद्र पडद्यांतून दाबून न्यायचे. तिथे जेवढ्या पाखडणीला साधारण २,४०० युनिट वीज लागायची, तेवढ्याच पाखडणीला, वायू प्रचंड वेगानं फिरवणाऱ्या अपकेंद्री यंत्रांत पन्नासेक पुरतात. वीज ही यंत्राची गोष्ट झाली. आपल्याला मालाची गोष्ट हवी, म्हणजे मिश्रण किती विलग झालं, मग ते कुठल्याही यंत्रानं होवो.

यासाठी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डिरॅक आणि पायर्ल्स या भौतिकशास्त्रज्ञांनी जी कल्पना रुजवली ती अशी. प्रत्येक मिश्रणाला एक ‘मूल्य’ द्यायचं, फक्त त्यातल्या २३५ च्या प्रमाणावरून. हे मूल्य पैशाचं नाही, मिश्रण किती निवडलेलं आहे त्याचं आहे. अर्धं-अर्धं मिसळलेलं असेल तर मूल्य शून्य. कुठल्याही एका टोकाकडे जाल तसं ते वाढत जातं. x हे प्रमाण असेल तर

```
V(x) = (2x − 1) · ln( x / (1 − x) )
```

आणि काम म्हणजे बाहेर पडलेल्या मालाचं एकूण मूल्य वजा आत घातलेल्या मालाचं एकूण मूल्य. प्रत्येक वेळी मूल्याला त्या मालाच्या वजनानं गुणायचं. या एककाला विलगीकरण कार्याचं एकक म्हणतात, या धंद्यातली माणसं इंग्रजी आद्याक्षरांवरून नुसतं ‘स्वू’ म्हणतात. ते किलोत येतं, पण ते कुठल्याही वस्तूचं वजन नाही. मुलं इथे हमखास गोंधळतात, म्हणून मी ते वाक्य फळ्यावरून पुसत नाही.

या कल्पनेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मागे उरलेल्या मालालाही मूल्य आहे. तो फेकण्याचा कोंडा नाही. पाखडणीत दोन ढीग तयार होतात, आणि रोडावलेला ढीग तयार करायलाही श्रम पडलेले असतात.

ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला होता तिनंच दुसऱ्या दिवशी हा हिशेब केला. ती फळ्याशी आली आणि म्हणाली, “सर, एक किलो अडीच टक्क्यांचं हवं, नैसर्गिक ०.७११ टक्क्यांचं. म्हणजे अडीच भागिले ०.७११, साडेतीन किलो घातलं की झालं.”

“अगं, मग उरलेल्या अडीच किलोत २३५ किती राहिला?”

तिनं वजाबाकी केली. “काहीच नाही.”

“आणि अगदी शेवटचा अणूही निवडून काढायला किती पाखडशील?”

सूत्रात x शून्याकडे नेलं की मूल्य अमर्याद होतं. उत्तर तिनं स्वतःच दिलं, संपणारच नाही. म्हणजे मागे किती सोडायचं हे ठरवल्याशिवाय ‘एक किलोला किती काम’ या प्रश्नाला उत्तरच नसतं. कुणी नुसता स्वूचा आकडा सांगितला आणि शेष मालातलं प्रमाण सांगितलं नाही, तर तो आकडा अर्धवट आहे असं खुशाल समजावं.

मग आम्ही ठरवलं, मागे ०.३ टक्के सोडू. आधी २३५ ची ग्रॅममध्ये जमा-खर्च वही मांडायची, मूल्याकडे नंतर वळायचं. आत ५.३५ किलो नैसर्गिक युरेनियम लागतं, त्यात २३५ आहे ३८ ग्रॅम. बाहेर एक किलो तयार मालात २५ ग्रॅम. उरलेल्या ४.३५ किलोत १३ ग्रॅम. २५ आणि १३ मिळून ३८, वही जुळली. ती जुळली नाही तर पुढे जायचंच नाही, कारण बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात. एक नेहमीची चूक म्हणजे वायूचं वजन आणि युरेनियमचं वजन यांची सरमिसळ, कारण त्या वायूच्या वजनात युरेनियम जेमतेम दोन तृतीयांश असतं.

आता मूल्यं. अडीच टक्क्यांचं मूल्य ३.४८, नैसर्गिकचं ४.८७, ०.३ टक्क्यांच्या शेष मालाचं ५.७७. मुलं इथे दचकतात, तयार मालाचं मूल्य कच्च्यापेक्षा कमी कसं? कारण अडीच टक्के हे नैसर्गिकपेक्षा अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाच्या अधिक जवळ आहे. एकटं बघितलं तर उलटं वाटतं, तिन्ही एकत्र धरले की अर्थ लागतो. एक किलो तयार मालाचे ३.४८, शेष मालाचे २५.१२, मिळून २८.६०. त्यातून आत घातलेल्याचे २६.०६ वजा. उरले २.५४. एक किलोमागे सुमारे अडीच स्वू. जुन्या पडद्यांनी सहा हजारांवर युनिट वीज, अपकेंद्री यंत्रांनी सव्वाशेच्या आसपास. फ्रान्समधल्या त्रिकास्तँ इथला विसरणाचा कारखाना चालवायला शेजारच्या चारपैकी तीन अणुभट्ट्यांची वीज लागायची. तो २०१२ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा अपकेंद्री यंत्रांनी घेतली, हे या दोन आकड्यांवरूनच समजतं.

मग त्याच फळ्यावर शेष माल ०.२ टक्क्यांवर नेला. कच्चा माल ५.३५ वरून ४.५० किलोवर आला, काम २.५४ वरून ३.२३ वर गेलं. म्हणजे ०.८५ किलो युरेनियम वाचवायला ०.६९ स्वू जास्त मोजावे लागले. एका स्वूचा भाव एक किलो कच्च्या मालाच्या साधारण सव्वापटीपेक्षा कमी असेल तर जास्त पाखडणं परवडतं. त्याहून महाग असेल तर मागे जास्त सोडून खाणीतून नवं आणणं स्वस्त. युरेनियम आणि पाखडण ही अशी एकमेकांच्या बदल्यात घेता-देता येतात. आमच्या बाजूच्या कुठल्याही गुऱ्हाळवाल्याला हे शिकवावं लागणार नाही. ऊस स्वस्त असेल तर चिपाड ओलंच टाकतात, महाग असेल तर आणखी एकदा चरकातून काढतात.

तारापूरच्या जुन्या जोडीला या हिशेबाची दुसरी बाजूही भोगावी लागली. १९६३ च्या करारानुसार तिचं समृद्ध इंधन अमेरिकेकडून यायचं होतं. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडखळला. १९८० च्या दशकात फ्रान्सनं तो दिला, पुढे चीननं आणि रशियानंही. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक किलोत ते स्वू आधीच मुरलेले असत. हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याच्या गोळ्या आणि सळ्या व्हायच्या, पाखडण झालेली असायची दुसऱ्या देशात. जड पाण्याच्या अणुभट्ट्यांवर आपल्याकडे इतका भर का दिला गेला, याचं एक मोठं कारण मला या अडीचच्या आकड्यातच दिसतं. तिथे पाखडण लागत नाही. श्रम संपत नाहीत, ते जड पाणी तयार करण्याकडे जातात. ड्युटेरियम साध्या पाण्यात हायड्रोजनच्या दहा हजार अणूंमागे दीडेकच असतो, आणि त्यालाही असंच पायरीपायरीनं निवडून काढावं लागतं. पण जड पाणी इंधनासारखं जळून जात नाही. एकदा भरलं की गळती भरून काढत वर्षानुवर्षं तेच वापरता येतं.

तास संपत आला तेव्हा तिनं फळ्यावरच्या एका आकड्याखाली रेघ ओढली. “सर, हे १३ ग्रॅम? यांचं पुढे काय होतं?”

ते पोलादी टाक्यांत भरून कारखान्याच्या आवारात रांगेनं ठेवतात. वायू थंड झाला की आत पांढरा घन पदार्थ होऊन बसतो. तिथे तो वर्षानुवर्षं असतो. कच्च्या युरेनियमचा भाव चढला किंवा यंत्रं रिकामी असली की त्यातल्या काही टाक्या पुन्हा तापवून माळेच्या तोंडाशी लावतात. रशियात असा जुना शेष माल मोठ्या प्रमाणावर पुन्हा पाखडला गेला आहे. ०.३ चा ०.२ होईपर्यंत दर किलोमागे २३५ चा साधारण एक ग्रॅम निघतो.

तिनं तो एक ग्रॅम वहीत लिहून घेतला आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं, त्याला किती स्वू?